बोगदा, उंच इमारती आणि घड्याळात चुकणारे अंतर: सपोर्टला पत्र कसे लिहावे

प्रश्न: माझ्या रोजच्या धावण्याच्या वाटेवर उंच इमारती आहेत आणि एक बोगदाही आहे. माझे जीपीएस घड्याळ दर वेळी अंतर जास्तच दाखवते. कंपनीच्या सपोर्टला दोनदा लिहिले, दोन्ही वेळा "मोकळ्या आकाशाखाली वापरून पाहा, घड्याळ रीस्टार्ट करा" एवढेच उत्तर आले. त्यांनी खरोखर तपास करावा असे पत्र कसे लिहायचे?

उत्तर: अशा घड्याळांच्या तक्रारी वाचून त्यांतल्या कोणत्या इंजिनियरांकडे पाठवायच्या हे ठरवण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. तुम्हाला आलेले उत्तर कुठून येते ते मला माहीत आहे. पत्रात "इमारती" आणि "बोगदा" हे शब्द दिसले की वाचणारा समजतो, सिग्नल अडला असणार, त्याला आपण काय करणार. बहुतेक वेळा त्याचे बरोबरही असते. पण सिग्नलमुळे होणारी चूक आणि घड्याळाच्या हिशेबातली चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कंपनी फारशी दुरुस्त करू शकत नाही, दुसरी करू शकते. दोन्ही एकाच आकड्यात मिसळून पाठवल्या की पहिलीच्या नावाखाली दुसरीही दप्तरात बंद होते. म्हणून पत्र लिहायला बसण्याआधी या दोन चुका सुट्या करायच्या. खरी मेहनत तिथेच आहे.

इमारतींमध्ये काय होते ते आधी पाहू. उपग्रहाचा सिग्नल थेट न येता समोरच्या भिंतीवर आपटून आला, तर त्याचा रस्ता लांबतो आणि घड्याळाला तो उपग्रह खऱ्यापेक्षा दूर वाटतो. त्यामुळे तुमची जागा सरकते. उंच इमारतींच्या गल्लीत आकाशाची फक्त रस्त्याच्या दिशेची पट्टी उघडी असते, म्हणून जागा रस्त्याच्या लांबीत कमी आणि आडवी जास्त सरकते. नकाशावर तुम्ही इमारतीच्या आतून धावताना दिसता ते त्यामुळे.

पण इथे बहुतेकांची गफलत होते. रेघ इमारतीतून गेली म्हणजे अंतर चुकलेच असे नाही. सगळी रेघ एकसारखी 20 मीटर बाजूला सरकली असेल, तर तिची लांबी तेवढीच राहते. अंतर वाढते ते रेघ थरथरल्यामुळे. तुम्ही सेकंदाला 2.9 मीटर धावता असे धरा, म्हणजे किलोमीटरला साधारण पावणेसहा मिनिटे. दर सेकंदाला नोंदलेला बिंदू आधीच्या बिंदूपेक्षा फक्त 1.3 मीटर आडवा सरकत राहिला, तर प्रत्येक तुकडा 2.9 ऐवजी जवळजवळ 3.2 मीटरचा होतो. 1.3 मीटर म्हणजे पदपथाच्या रुंदीएवढेही नाही, नकाशावर डोळ्यांना ते धड दिसतही नाही, आणि अंतर मात्र 10 टक्क्यांनी फुगते. म्हणून नकाशाचा स्क्रीनशॉट हा अंतराच्या चुकीचा पुरावा होत नाही. माझ्याकडे आलेल्या बहुतेक पत्रांत मात्र तेवढेच जोडलेले असायचे.

बोगद्यात गोष्ट वेगळी. तिथे सिग्नल चुकीचा येत नाही, तो येतच नाही. मग घड्याळापुढे दोन मार्ग उरतात. एक, गप्प बसायचे आणि बाहेर पडल्यावर आत शिरल्याच्या जागेपासून सरळ रेघ जोडायची. दुसरा, हाताच्या हालचालीवरून पावले मोजून, आधी शिकून ठेवलेल्या पावलाच्या लांबीने अंतर वाढवत राहायचे. पहिल्या पद्धतीत वळणदार बोगद्याचे अंतर कमी भरते. दुसऱ्या पद्धतीत दोनचार टक्के इकडेतिकडे होते, कारण बोगद्यात चढ असेल किंवा तुम्ही दमला असाल तर पाऊल आखूड पडते. या दोन्ही चुका समजण्यासारख्या आहेत आणि त्या लहान असतात. बोगद्यात याहून मोठी चूक निघाली, तर ती सिग्नलची नसून हिशेबाची असण्याची शक्यता बरीच आहे.

असे एक प्रकरण माझ्यासमोर आले होते, तेच तपशिलाने सांगतो. एका धावणाऱ्या बाईंनी पहिल्या पत्रात लिहिले होते, "वाट 7.74 किलोमीटरची आहे, घड्याळ 8.06 दाखवते, म्हणजे 4 टक्के जास्त." त्यांना तुमच्यासारखेच उत्तर गेले. दुसऱ्या पत्रात त्यांनी वाटेचे तुकडे केले. मोकळ्या रस्त्याचा भाग 5.00 किलोमीटर, घड्याळात 5.02. इमारतींमधला भाग 2.10, घड्याळात 2.31. बोगदा 0.64, घड्याळात 0.73. एवढ्या तीन ओळींनी पत्राचे वजनच बदलले. मोकळ्या भागात चूक अर्धा टक्कासुद्धा नाही, म्हणजे घड्याळ एरवी ठीक आहे. इमारतींमध्ये 10 टक्के, ते वर सांगितलेल्या थरथरीशी जुळते. पण बोगद्यात 90 मीटर जास्त कशाने? सरळ रेघ जोडली असती तर अंतर कमी भरले असते. पावले मोजली असती तर फार तर वीसतीस मीटरचा फरक पडला असता.

त्यांनी घड्याळातली मूळ फाइल पाठवली होती, म्हणून पुढचे कोडे तासाभरात सुटले. बोगद्याच्या तोंडाशी, बाहेर पडतानाच्या नोंदी अशा होत्या. पहिला आकडा सुरुवातीपासूनचे सेकंद, मग एकूण अंतर मीटरमध्ये, वेग आणि केडन्स:

```
time  distance  enhanced_speed  cadence
1977   5934.10       2.90          84
1978   5937.00       2.90          84
1979   6004.00       2.91          84
1980   6053.00       2.90          84
1981   6055.90       2.90          84
```

केडन्स 84 पाहून दचकू नका, या फाइलीत धावताना एकाच पायाची पावले मोजलेली असतात, म्हणजे मिनिटाला 168 पावले. पाहायचे ते अंतराच्या रकान्यात. सेकंदाला 2.9 मीटर वाढणारा आकडा एका सेकंदात 67 आणि पुढच्या सेकंदात 49 मीटरने वाढला. त्याच दोन ओळींत वेग मात्र 2.9च आहे आणि पावलेही बदललेली नाहीत. फाइल स्वतःच स्वतःला खोटे पाडते आहे. त्या दोन सेकंदांत धावलेले सहाएक मीटर वजा केले तर 110 मीटर कुठूनतरी आले.

ते कुठून आले हे बोगद्याच्या आकारावरून कळले. बोगदा साधारण 20 अंशांनी वळत होता. घड्याळ आत शिरतानाची दिशा धरून, पावले मोजत, त्या बाईंना सरळ पुढे नेत होते. बाहेर आल्यावर खरी जागा मिळाली ती वळणाच्या टोकाला, आणि 640 मीटर लांबीत 20 अंश वळले तर सरळ गेलेली कल्पित जागा आणि खरी जागा यांत सुमारे 110 मीटरचे अंतर पडते. घड्याळाने आपली जागा दुरुस्त केली ते योग्यच. पण ती दुरुस्तीसुद्धा त्याने धावलेल्या अंतरात मोजली. आतले 620 मीटर आणि वरून हे 110, मिळून 730. वळणामुळे सरळ जोडरेघ किती आखूड पडली असती ते पाहा: फक्त 3 मीटर. म्हणजे "बोगद्यात असे होणारच" हे उत्तर इथे लागूच होत नव्हते.

तुमच्या घड्याळातही नेमके हेच होते आहे असे मी म्हणत नाही. पण पाहायचे कसे, ते यावरून कळेल. तुम्हाला लागणाऱ्या गोष्टी तीन: खरे अंतर तुकड्यातुकड्याने, मूळ फाइल, आणि एकाहून जास्त फेऱ्या.

खरे अंतर मोजताना नकाशावर बोटाने रेघ ओढू नका. वरून घेतलेल्या फोटोंत उंच इमारती कलंडलेल्या दिसतात आणि पदपथ त्यांच्याआड जातो. बोगद्याचा तर फक्त अंदाजच. त्यापेक्षा सायकल हातात धरून चाला आणि चाकाचे फेरे मोजा. आधी मोकळ्या जागी मोजपट्टीने 50 मीटर आखून घ्या, त्यावरून चाक फिरवून एका फेऱ्याला किती मीटर जाते ते काढा. 2.10 मीटर निघाले तर 640 मीटरच्या बोगद्यात 305 फेरे होतील. दोन्ही वेळा टायरमधली हवा तेवढीच हवी, हात सायकलवर तेवढ्याच जोराने टेकलेला हवा. दोन्ही दिशांनी मोजा. दोन मापांत दोनतीन मीटरपेक्षा जास्त फरक आला तर फेरे मोजताना चुकले आहे, पुन्हा मोजा. रस्त्याच्या शर्यतींची वाट अधिकृतपणे मोजतात तेव्हाही मोजून घेतलेल्या सायकलचीच पद्धत वापरतात, आणि वाट चुकून आखूड पडू नये म्हणून किलोमीटरमागे 1 मीटर जास्तीचा धरतात. एवढ्या काटेकोरपणाची तुम्हाला गरज नाही. तुम्ही 90 मीटरची चूक शोधत आहात, 1 मीटरची नाही. बोगद्यात पदपथ नसेल तर मात्र तिथे थांबून मोजमाप करायला जाऊ नका. आत शिरायची आणि बाहेर पडायची जागा तेवढी पत्रात लिहा, बाकीचे कंपनीलाही काढता येते.

धावताना प्रत्येक तुकड्याच्या सीमेवर लॅपचे बटण दाबा. बोगद्याचे लॅप दाबताना थोडी सवड ठेवा: शिरण्याआधी 50 मीटर मोकळ्यावर आणि बाहेर पडल्यावर 100 मीटर मोकळ्यावर, आणि तेवढी लांबी खऱ्या मापातही धरा. उडी बाहेर पडल्याबरोबर येत नाही, घड्याळाला उपग्रह पुन्हा सापडायला काही सेकंद जातात. बोगद्याच्या तोंडाशीच लॅप दाबला तर उडी पुढच्या तुकड्यात जाऊन बसते आणि तुम्ही भलत्याच जागी शोधत राहता. ऑटो-पॉज बंद ठेवा. इमारतींमध्ये वेगाचा अंदाज हलला की ते मध्येच घड्याळ थांबवते आणि एक तिसरीच चूक मिसळते.

फेऱ्यांबाबत एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. जीपीएसचे उपग्रह जमिनीवरून पाहिले तर जवळजवळ 23 तास 56 मिनिटांनी त्याच जागी येतात. म्हणजे तुम्ही रोज पहाटे सहाला धावत असाल, तर रोज जवळपास तेच उपग्रह त्याच इमारतींवर आपटून त्याच कोपऱ्यात तशीच चूक देतील. मग वाटते, "रोज इथेच चुकते, म्हणजे घड्याळच बिघडले." तसे नाही. चार फेऱ्यांपैकी दोन नेहमीच्या वेळी आणि दोन पाचसहा तासांच्या फरकाने करा. इमारतींमधली चूक वेळेबरोबर बदलली तर ती आकाशाची. बोगद्यातली चूक वेळ बदलूनही तेवढीच राहिली, तर ती घड्याळाच्या हिशेबातली. जमल्यास दोन फेऱ्या उलट्या दिशेने करा, आणि जवळपास एखादा सरळ बोगदा किंवा लांब भुयारी मार्ग असेल तर त्यातूनही एकदा धावून पाहा. त्या बाईंनी हे केले होते. सरळ भुयारी मार्गात त्यांच्या घड्याळाने उडी मारली नाही, आणि त्या एका ओळीवरून आमच्या इंजिनियरांना वळणाकडे पाहायचे सुचले.

आता फाइल. कंपनीला .fit फाइल पाठवा, .gpx नाही. दोन्हींत तुमची रेघ असते, पण .gpx मध्ये साधारणपणे फक्त जागा, उंची आणि वेळ असते. घड्याळाने स्वतः धरलेले अंतर त्यात नसते. ती फाइल उघडणारे ॲप बिंदूंवरून अंतर नव्याने काढते आणि ज्या आकड्याबद्दल तुमची तक्रार आहे तो आकडाच नाहीसा होतो. फोनच्या ॲपमधून "मूळ फाइल" असा पर्याय मिळतो, किंवा घड्याळ केबलने संगणकाला जोडून थेट काढता येते. तुम्हाला स्वतः आत डोकवायचे असेल तर फिट एसडीके या .fit फाइलींसाठीच्या साधनसंचाबरोबर मिळणारे साधन ती फाइल तक्त्यात उतरवून देते:

```
java -jar FitCSVTool.jar activity.fit
```

त्यात `record` नावाच्या ओळी शोधा आणि त्यांत `distance` च्या शेजारचा आकडा वरपासून खाली वाचा. जिथे आकडा सेकंदात पाचदहा मीटरपेक्षा जास्त वाढला ती जागा पत्रात लिहा. घड्याळ दर सेकंदाला नोंद करत नसेल तर दोन ओळींमधली वेळही पाहा, नाहीतर सात सेकंदांचे 20 मीटर तुम्हाला उडी वाटतील. म्हणूनच चाचणीपुरती नोंदणी "दर सेकंद" वर ठेवा. आणि एक काळजी: फाइलीत तुम्ही कुठून निघालात ते अचूक असते. चाचणीच्या फेऱ्या घराच्या दारातून सुरू करू नका, दोन चौक पुढे जाऊन, घड्याळाने उपग्रह धरल्यावर सुरू करा.

एवढे जमले की पत्र लहानच होते. मी लिहिले असते तर असे:

> विषय: वळणदार बोगद्यातून बाहेर पडताना अंतरात सुमारे 110 मीटरची उडी, 4 पैकी 4 फेऱ्यांत
>
> नमस्कार,
>
> माझ्या घड्याळाचे मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती आणि अनुक्रमांक खाली दिले आहेत. सर्व फेऱ्या "धावणे" या प्रकारात, सर्व उपग्रह प्रणाली चालू, नोंदणी दर सेकंदाला, ऑटो-पॉज बंद, घड्याळ डाव्या मनगटावर, बुटावर सेन्सर नाही. प्रत्येक फेरीआधी त्याच दिवशी फोनशी सिंक केले होते आणि उपग्रह सापडल्यावर एक मिनिट थांबून सुरुवात केली.
>
> बोगद्याची लांबी चाक फिरवून मोजली: 640 मीटर, दोन्ही दिशांच्या मापांत 2 मीटरचा फरक. घड्याळातले अंतर चार फेऱ्यांत 731, 728, 734 आणि 729 मीटर. दोन फेऱ्या सकाळी, दोन दुपारी, प्रत्येक वेळी एक उलट दिशेने.
>
> जोडलेल्या पहिल्या फाइलीत 1979 आणि 1980 या सेकंदांना `distance` 116 मीटरने वाढते, तर `enhanced_speed` 2.9 आहे. बाकी तीन फाइलींतही बोगद्याबाहेर पडताना अशीच उडी आहे, वेळा खाली दिल्या आहेत. सरळ भुयारी मार्गात अशी उडी येत नाही, ती फाइलही जोडली आहे.
>
> याच वाटेवर उंच इमारतींमध्ये अंतर सुमारे 10 टक्के जास्त येते. ते परावर्तित सिग्नलमुळे असावे असे मी समजतो, त्याबद्दल हे पत्र नाही.
>
> माझे प्रश्न दोन. सिग्नल परत मिळाल्यावर जागेची जी दुरुस्ती होते ती एकूण अंतरात मोजली जाते का? तसे असल्यास हे पत्र फर्मवेअर विभागाकडे पाठवून मला नोंद क्रमांक कळवाल का?

यातला शेवटून दुसरा परिच्छेद बहुतेकांना नको वाटतो, आपली अर्धी तक्रार आपणच का सोडायची म्हणून. पण पत्राला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. इमारतींचा उल्लेखच टाळला तर फाइल उघडणारा त्या भागातली थरथर पाहतो, "सिग्नल खराब" लिहितो आणि पुढे जात नाही. तुम्ही आधीच सांगितले की ते मला माहीत आहे, तर ते उत्तर द्यायची सोय उरत नाही.

इमारतींच्या भागात काही करायचे असेल तर ते बहुधा सेटिंगमध्येच मिळेल. घड्याळात दोन वारंवारतांचा पर्याय असेल तर तो चालू करून पाहा. एल-5 या दुसऱ्या सिग्नलच्या संकेताचा एकेक तुकडा सुमारे 30 मीटर लांबीचा असतो, जुन्या एल-1 चा सुमारे 300 मीटरचा. म्हणून भिंतीवरून 40 मीटर जास्त फिरून आलेला सिग्नल एल-5 वर थेट सिग्नलपासून वेगळा ओळखता येतो, एल-1 वर तो त्यातच मिसळून जातो. पण थेट सिग्नल मुळात येतच नसेल, फक्त आपटून आलेलाच येत असेल, तर दोन वारंवारतांचाही फार उपयोग होत नाही, आणि बॅटरी जास्त जाते ती जातेच. घड्याळात हा पर्यायच नसेल तर बुटावरचा सेन्सर घ्या आणि अंतर त्यावरून धरायला सांगा. तो आकाशाकडे पाहतच नाही.

पत्राला उत्तर म्हणून कंपनी कधीकधी चाचणीचे फर्मवेअर पाठवते. ते घातल्यावर घाईने एकच फेरी करून "सुधारले" किंवा "नाही सुधारले" असे कळवू नका. पावलाची शिकलेली लांबी फर्मवेअर बदलताना पुसली गेली असेल, तर बोगद्यातले अंतर पहिल्या फेरीत भलतेच येईल. आधी मोकळ्या रस्त्यावर दोनतीन वेळा धावून घड्याळाला ती पुन्हा शिकू द्या, मग त्याच चार फेऱ्या त्याच वेळांना करा आणि आकडे जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहून पाठवा.